‘Pending Review’ म्हणजे कुलूप नव्हे: लेखाची अवस्था वेगळी, ताबा वेगळा

‘लेख Pending Review ला टाकलाय, आता त्यात काही बदलणार नाही.’ वर्डप्रेसवर संकेतस्थळ चालवणाऱ्या टीममध्ये हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. लेख कुठल्या टप्प्यावर आलाय, ही त्याची अवस्था. या घडीला त्यात बदल करायचा हक्क कोणाचा, हा त्याचा ताबा. वर्डप्रेस पहिली गोष्ट दाखवतं. दुसरी तुम्हालाच ठरवावी लागते.

अवस्था सगळ्यांना माहीत असतात: Draft, Pending Review, Scheduled, Published. भूमिकांबद्दलही फारसा घोळ नसतो. लेखक लिहितो, तपासनीस तपासतो, अपलोडर फोटो लावून लेख चढवतो. वर्डप्रेसमध्ये लेखकाला बहुधा Contributor ही भूमिका देतात, म्हणजे त्याला प्रसिद्ध करता येत नाही आणि फोटोही चढवता येत नाहीत. इथपर्यंत ठीक आहे.

गाडी अडते ती पुढे. Contributor ला स्वतःचा लेख Pending Review मध्ये गेल्यावरही उघडता येतो, बदलता येतो, सेव्ह करता येतो. त्याचा हात थांबतो तो लेख Scheduled किंवा Published झाल्यावरच. आणि लेखकाला Author ही भूमिका दिली असेल तर तेव्हाही थांबत नाही. म्हणजे नेमका तपासणी चालू असतानाचा काळ, ज्यात मजकूर स्थिर राहायला हवा, तोच सताड उघडा असतो.

चकलीच्या भाजणीचा एक लेख घेऊ. लेखिकेने तो गुगल डॉक्समध्ये लिहिला, वर्डप्रेसमध्ये पेस्ट केला आणि सकाळी 11 वाजता तपासणीला पाठवला. त्यात ‘4 वाट्या पिठाला 1 वाटी तेलाचं मोहन’ असं होतं. इतक्या मोहनाने चकली कढईत विरघळते, म्हणून तपासनीसाने दुपारी 1 वाजता थेट वर्डप्रेसमध्ये ‘पाव वाटी’ केलं आणि आपल्या तपासणीच्या यादीत खूण करून मंजुरी दिली. 4 वाजता लेखिकेला सोऱ्याबद्दल एक परिच्छेद सुचला. तिने तो आपल्या डॉकमध्ये लिहिला, अख्खा मजकूर उचलला आणि वर्डप्रेसमधल्या जुन्या मजकुरावर पेस्ट केला. मोहन पुन्हा 1 वाटी झालं. अवस्था होती तीच राहिली, यादीतल्या खुणाही तशाच. 6 वाजता अपलोडरने मंजुरी पाहिली आणि लेख प्रसिद्ध केला.

इथे एका वेळी दोघांनी लेख उघडलेलाच नव्हता. म्हणून दुसरा कोणी लेखात असताना वर्डप्रेस जी सूचना दाखवतं आणि Take over हे बटण देतं, ती वेळच आली नाही. ते कुलूप फक्त एवढंच सांगतं की कोणाच्या तरी ब्राउझरमध्ये लेख उघडा आहे. टॅब बंद केला की ते सुटतं. उलट कोणी टॅब उघडा ठेवून जेवायला गेलं, तर काम चालू नसतानाही ते लागलेलं राहतं. त्या कुलपावर विसंबून कामाची पद्धत बसवू नये, आणि फोन करून विचारल्याशिवाय Take over दाबू नये.

Revisions मध्ये जुन्या आवृत्त्या असतात हे खरं. पण 1 वाजताची आवृत्ती Restore केली की सोऱ्याचा परिच्छेद गेला. म्हणजे एकाचं काम वाचवताना दुसऱ्याचं पुसलं. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून हाताने जुळवण्यावाचून गत्यंतर नाही. मुळातली चूक एका लेखाच्या दोन मूळ प्रती असण्यात आहे: एक डॉकमध्ये, एक वर्डप्रेसमध्ये, आणि दोन्हींत बदल चालू.

म्हणून पहिला नियम असा: मंजुरीपर्यंत मूळ प्रत गुगल डॉक, मंजुरीनंतर वर्डप्रेस. मजकूर एकदाच इकडून तिकडे जातो, परत कधीच येत नाही. मजकूर चढला की डॉकवर त्याचा मालक सोडून सगळ्यांना फक्त Viewer ठेवायचं.

दुसरा नियम ताब्याचा. कामाच्या शीटमध्ये अवस्थेच्या शेजारी ‘ताबा’ असा वेगळा रकाना करा आणि त्यात भूमिका न लिहिता माणसाचं नाव लिहा. ‘तपासनीस’ लिहिलं आणि तपासनीस दोन असले, तर ताबा कोणाकडेच नसतो. नाव बदलायचं ते घेणाऱ्याने. देणाऱ्याने बदललं तर ज्याच्याकडे लेख गेला त्याला पत्ताही नसतो. ज्याचं नाव रकान्यात नाही, त्याने सुचलेलं टिप्पणीत लिहायचं. सोऱ्याचा परिच्छेद तिथे गेला असता तर मोहन शाबूत राहिलं असतं.

तपासनीसाने डॉकमध्ये थेट बदल करू नयेत, Suggesting मध्येच करावेत, असा माझा आग्रह आहे. ताबा लेखकाकडे परत गेला की तो एकेक सूचना स्वीकारतो किंवा कारण लिहून नाकारतो. यात वेळ जास्त जातो, पण आपल्या मजकुरात काय बदललं हे लेखकाच्या नजरेखालून जातं आणि तीच चूक पुढच्या लेखात येत नाही.

आता सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट. मंजुरी लेखाला नसते, लेखाच्या एका आवृत्तीला असते. डॉकमध्ये File > Version history > Name current version इथे जाऊन तपासनीसाने त्या आवृत्तीला ‘मंजूर 1’ असं नाव द्यावं. त्यानंतर स्वल्पविराम जरी हलला तरी मंजुरी रद्द. लेख पुन्हा तपासनीसाकडे जातो आणि ‘मंजूर 2’ होतो. अपलोडरने पेस्ट करण्याआधी Version history उघडून पाहायचं: नाव दिलेल्या आवृत्तीच्या वर, म्हणजे तिच्यानंतर, काही नोंद दिसते का? दिसली तर मजकूर चढवायचा नाही, ती नोंद कोणाची आहे ते पाहून लेख परत पाठवायचा.

वर्डप्रेसमधली पोस्ट अपलोडरने स्वतःच्या लॉगिनने तयार करावी. पोस्टवर लेखकाचं नाव सुरुवातीपासून घातलं, तर Contributor ला ती पुन्हा खुली होते. नाव घालायचं ते प्रसिद्ध करताना. लेख दुसऱ्या दिवशीचा असेल तर तो मसुदा म्हणून ठेवू नका, Scheduled करा. मग नाव घातलेलं असलं तरी Contributor चा हात बंद राहतो.

अपलोडरच्या यादीत त्याने काय बदलायचं हे नावानिशी लिहा: फोटो, फोटोओळ, पर्यायी मजकूर, वर्ग, दुव्याचा पत्ता, मथळ्यांची पातळी. शब्द आणि आकडे या यादीत नाहीत. ‘साधी शुद्धलेखनाची चूक होती म्हणून दुरुस्त केली’ हे अजिबात चालू देऊ नये, कारण ‘पाव’चं ‘पाऊण’ करणाऱ्यालाही ती साधी दुरुस्तीच वाटते. पेस्ट झाल्यावर प्रत्येक आकडा आणि माप मंजूर आवृत्तीशी जुळवून पाहणं हे मात्र त्याचं काम.

बाकी याद्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येक भूमिकेची यादी वेगळी ठेवा, पाच-सहा कलमांपलीकडे नेऊ नका, आणि एका कलमावर दोघांनी खूण करायची वेळ येऊ देऊ नका. तपासनीसाच्या खुणेशेजारी आवृत्तीचं नाव लिहिलेलं हवं. नुसत्या ‘तपासलं’ या खुणेवरून काय तपासलं ते कळत नाही.

प्रसिद्धीनंतर चूक सापडली तर ती वर्डप्रेसमध्येच दुरुस्त करायची, ताब्याच्या रकान्यात आपलं नाव घालून. डॉकमध्ये दुरुस्ती करून अख्खा मजकूर पुन्हा पेस्ट केला, तर अपलोडरने लावलेले फोटो आणि दुवे पुसले जातात.