कोपरावरचा चट्टा: सोरायसिस की इसब?

वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यात बिया फोडणाऱ्या एखाद्या बाईचं उदाहरण घेऊ. टरफलातलं तेल लागून तिच्या बोटांना खाज सुटते, बारीक फोड येतात, लस वाहते. हे झालं इसब. त्याच बाईच्या दोन्ही कोपरांच्या टोकांवर आणि गुडघ्यांवर जाड, कोरडे चट्टे आहेत. घरात सगळे त्यालाही इसबच म्हणतात आणि एकच ट्यूब दोन्हीकडे फिरते. पण कोपरावरचा आजार बहुधा सोरायसिस आहे.

आधी जागा पाहा. मोठ्यांमध्ये जुनं, ॲलर्जीच्या प्रकृतीचं इसब कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत बसतं. सोरायसिसला बाहेरची बाजू आवडते, जिथे आपण कोपर टेकतो. मग कड पाहा. सोरायसिसचा चट्टा कुठे संपतो ते बोटाने दाखवता येतं, इसबाची कड आजूबाजूच्या त्वचेत विरत जाते. खाज दोन्हीत असते, पण झोप उडवणारी खाज इसबाची जास्त. आपल्या सावळ्या रंगावर चट्टा पुस्तकातल्या फोटोसारखा लालभडक नसतो, तपकिरी किंवा जांभळट दिसतो. त्यामुळे रंगावर फार विसंबू नका.

खरी खूण म्हणजे चंदेरी खपली. त्वचेच्या पेशी तयार होऊन झडायला साधारण महिना लागतो, सोरायसिसमध्ये हे काही दिवसांत उरकतं. अर्धवट पिकलेल्या पेशींचे थर साचतात. थरांमध्ये हवा राहते म्हणून ते चकाकतात. खोबरेल लावलं की ही चकाकी जाते आणि चट्टा साधा वाटतो. म्हणून डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तेल लावू नका. डॉक्टर चट्टा हलकेच खरवडतात तेव्हा मेणबत्तीच्या मेणासारखा पांढरा भुगा निघतो. अजून खरवडलं तर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. घरी हा प्रयोग नको, कारण सोरायसिस असलेल्याच्या त्वचेवर जिथे जखम होते तिथे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत नवा चट्टा उगवू शकतो.

नखंही दाखवा. त्यांवर बारीक खड्डे असतील, केसांत जाड कोंडा असेल तर संशय वाढतो. सकाळी बोटं आखडत असतील तर ते आवर्जून सांगा, सोरायसिस सांध्यांतही उतरतो.

दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची मिश्र ट्यूब दोन्हीकडे थोडे दिवस गुण दाखवते, आणि घोळ तिथेच होतो. चट्टा चपटा होतो, खूण पुसते, कातडी पातळ होते. मुळात नायटा असेल तर तो पसरतो. स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन अचानक थांबवल्या तर सोरायसिस आधीपेक्षा जोरात उसळू शकतो, कधी अंगभर पुवाचे फोड घेऊन.