फोटोवरची पेनाची शाई: आणण्याआधी पुसू नका

घरात वडिलांचा एकच फोटो असतो, तोही जुन्या फॉर्मवरचा, आणि त्यावर साहेबांची साक्षांकनाची सही कपाळापासून गालापर्यंत गेलेली असते. तेरवीला मोठा फोटो लावायचा म्हणून लोक तो घेऊन दुकानात येतात. अशी सही बहुतेक वेळा निघते. अडतं ते दुसरीकडेच: “जरासंच पुसून पाह्यलं जी!”

बॉलपेनची रेघ बारीक असते, तिच्या दोन्ही बाजूंचा चेहरा शाबूत असतो. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावला की शाई विरघळते, पण जात नाही. ती पसरते आणि फोटोच्या जिलेटिनच्या थरात मुरते. मग रेघेऐवजी अख्ख्या गालावर जांभळट डाग बसतो. ओल्या बोळ्याने हा थर फुगतो आणि कापसाला चिकटून निघतो. संध्याकाळपर्यंत होणारं काम मग तीन-चार दिवसांवर जातं, आणि तेरवी काही थांबत नाही.

आम्ही मूळ फोटोला काहीच लावत नाही. “ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत कशाला स्कॅन करता?” असं बरेच जण विचारतात. सगळी मेख तिथंच आहे. पासपोर्ट साइजचा फोटो आम्ही १२०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करतो. त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर मिळतात. निळी शाई लाल थरात काळी दिसते, निळ्या थरात मात्र फिकी पडते. पांढऱ्या सदऱ्यावरची सही तर जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून आम्ही तेवढा निळा थर ठेवतो आणि उरलेली पुसट रेघ हाताने भरतो. फोटो पिवळा पडला असेल तर याच थरात त्याचे डाग जास्त उठतात, मग ते काढायला वेळ लागतो.

पेन दाबून चालवलं असेल तर कागदावर खाच पडते आणि स्कॅनरच्या उजेडात तिची सावली येते. अशा वेळी फोटो काचेवरच अर्धा गोल फिरवून दुसऱ्यांदा स्कॅन करतो आणि दोन्ही स्कॅन एकत्र करून सावली कमी करतो.

काळी शाई तिन्ही थरांत काळीच राहते. रंगीत फोटोतही एकच थर ठेवून भागत नाही, कारण बाकीचे रंग जातात. ही दोन्ही कामं पूर्ण हाताची, म्हणून त्यांचा दर जास्त. काळ्या शाईने डोळाच झाकला असेल तर त्याच माणसाचा दुसरा फोटो मागतो, मग तो लग्नाच्या घोळक्यातला का असेना. दुसऱ्याचा डोळा बसवला की घरचे लगेच ओळखतात.

फोटो फॉर्मला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, फॉर्मसकट आणा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो अंदाज सांगायला चालतो, कामाला नाही. सही काढलेली प्रत सरकारी कागदासाठी मिळणार नाही.

मूळ फोटो तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो. शाई कितपत निघेल हे पाहण्याचे पैसे नाहीत. काम झाल्यावर लॅमिनेशन आणि फ्रेम इथंच होते.