सीख कबाब (तव्यावरील व ओव्हनमधील)

सळईवर खिमा थापून भाजलेला मांसप्रकार. 'शीग कबाब' असेही लिहितात. 'सीख' हा सळईसाठीचा फार्सी शब्द आहे. 'कबाब' मात्र अरबीतून आला असे साधारणतः मानतात. काही अभ्यासक त्याचे मूळ प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेच्या, जाळणे या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात, आणि ते मत अधिक ग्राह्य वाटते. शूळावर भाजलेल्या मांसाला संस्कृतात 'शूल्य' म्हणत, तसेच बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'तही मांस सळईवर भाजण्याची कृती आहे. परंतु तिथे मांसाचे तुकडे आहेत, खिमा नाही, त्यामुळे तिला सीख कबाबाचे पूर्वरूप म्हणताना जपावे लागते. खानदेशात हा पदार्थ फारुकी राजवटीत (१३८२–१६०१) किंवा त्यानंतरच्या मोगल अमलात रुजला असावा.

निखाऱ्यांवर सळई अधांतरी असते. घरच्या तव्यावर लांब सळई काठांवर टेकते आणि खिमा तव्याला लागतच नाही. म्हणून तव्याच्या व्यासापेक्षा आखूड, अर्धा तास भिजवलेली बांबूची काडी घेतात. बारीक गोल काडीवर खिमा फिरतो, काडी वळते पण कबाब जागचा हलत नाही. साधारण एक सेंटिमीटर रुंदीची चपटी सळई त्याला धरून ठेवते. खानदेशातील भाकरीचा लोखंडी तवा मध्ये किंचित खोल असल्याने सुटलेली चरबी तिथे साचते व मधले कबाब तळले जातात. ती चमच्याने काढत राहावी. मांड्यांचे उलटे मातीचे खापर या कामाचे नाही, कारण त्याच्या उतारावरून कबाब घसरतात.

कबाब गळून पडण्याचे कारण बहुधा चरबी व पाणी यांत असते. अर्धा किलो खिम्यात १०० ग्रॅमच्या आसपास चरबी असावी. त्याहून कमी असल्यास कबाब कोरडा होऊन तडकतो. फार जास्त असल्यास मांस आळून घट्ट होण्याआधीच चरबी वितळते व खिमा सळईवरून उतरतो. खिमा दोनदा दळून, कांदा पिळून, एक लहान चमचा मीठ घालून तो हाताला चिकटेपर्यंत मळतात. मग किमान एक तास फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणजे चरबी पुन्हा गोठते. एवढ्यात आठ कबाब होतात. सळईभोवती सर्व बाजूंनी सुमारे एक सेंटिमीटर थर पुरतो.

तवा मध्यम आचेवर तापवून कबाब ठेवल्यावर दोन मिनिटे हात लावू नये. खालची बाजू तांबूस झाली की ती आपोआप सुटते; त्याआधी उलटल्यास खिमा तव्याला चिकटून सोलला जातो. पुढे दर दीड-दोन मिनिटांनी चिमट्याने पाव वळसा देत एकूण दहा-बारा मिनिटे भाजतात. ओव्हनमध्ये वरची ग्रिल दहा मिनिटे आधी तापवून सळया खोलगट ट्रेच्या काठांवर अधांतरी टेकवतात, ग्रिलपासून अंतर आठ-दहा सेंटिमीटर. इथे उष्णता फक्त वरून येत असल्याने वळवणे अधिक वेळा लागते. जवळ ठेवल्यास बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो. आतील तापमान ७१ अंश सेल्सिअस झाल्यावर खिमा सुरक्षित मानतात. थर्मामीटर नसल्यास एक कबाब मोडून पाहतात, पण केवळ रंगावरून खात्री होत नाही.