दोन रंगारी वाढले, दिवस किती घटले?

पावसाळ्याआधी इमारत रंगवून घ्यायची म्हणून कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बैठक झाली. कंत्राटदाराचा हिशेब होता ६ रंगारी, २० दिवस. आणखी २ रंगारी लावले तर? एक काका म्हणाले, "मग १८ दिवस." दुसऱ्यांचं म्हणणं, माणसं एक तृतीयांशाने वाढली, तर दिवसही तेवढेच घटणार, म्हणजे साधारण सव्वातेरा. दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि ही चूक फार जणांची होते.

शाळेत आपण समचलन आणि व्यस्तचलन शिकतो. समचलनात भागाकार स्थिर राहतो: ६ रंगाऱ्यांची एका दिवसाची मजुरी ४,८०० रुपये, तर ८ जणांची ६,४००. व्यस्तचलनात गुणाकार स्थिर राहतो. एक वाढलं की दुसरं घटतं एवढ्यावर व्यस्तचलन ठरत नाही. घट अशीच हवी की गुणाकार हलणार नाही.

इथे तो गुणाकार ६ × २० = १२०. हे १२० मनुष्यदिवस म्हणजे खरं काम, भिंतीवर पसरलेलं. ८ जण ते १२० ÷ ८ = १५ दिवसांत संपवतील. माणसं एक तृतीयांशाने वाढली, दिवस मात्र एक चतुर्थांशानेच घटले. मजुरी? रोजचा खर्च वाढला, पण दिवस कमी झाले. दोन्ही वेळा एकूण ९६,००० रुपयेच. समचलन आणि व्यस्तचलन इथे एकमेकांना बरोबर तोलतात, आणि मला या गणितातला हाच भाग सर्वात सुंदर वाटतो.

आता समजा ६ जणांनी ५ दिवस काम केलं आणि मग २ जण आले. १५ मधून ५ वजा करून "१० दिवस राहिले" म्हणणं चूक, कारण ते पहिले ५ दिवस आठ जणांचे नव्हतेच. झालेलं काम ३० मनुष्यदिवस, उरलेलं ९०. ते ८ जणांना सव्वाअकरा दिवस पुरेल.

बैठकीत अमावास्या टळू द्या, असंही कुणी म्हणालं. त्यात २ दिवस गेले तरी काम १२० मनुष्यदिवसच राहतं. तारीख पाळायची तर ते १८ दिवसांत बसवायला ६ रंगारी पुरत नाहीत, सातवा लागतो. अमावास्येचा रंगाशी संबंध नाही, दमट हवेचा आहे.

हा नियम सगळे रंगारी सारख्या वेगाने आणि एकमेकांना न अडवता काम करतात, असं धरून चालतो. तीन झुल्यांवर सहाच माणसं मावत असतील तर बाकीचे खाली उभे राहतील. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि रंग वाळायचा वेळ माणसं वाढवून घटत नाही. हे ओळखायचं कसं? पुन्हा गुणाकार करून. १२ रंगारी लावूनही १० ऐवजी १३ दिवस लागले, तर गुणाकार १५६ येतो. म्हणजे ३६ मनुष्यदिवस वाट बघण्यात गेले, आणि रोजंदारी असेल तर त्यांचीही मजुरी द्यावी लागते.