पायलटनंतर यशाची संभाव्यता सुधारणे

नवे उत्पादन सगळीकडे बाजारात उतरवण्याआधी ते मोजक्या दुकानांत किंवा एखाद्या शहरात विकून पाहतात. व्यवसायाच्या भाषेत याला पायलट म्हणतात. पायलटचा निकाल हाती आल्यावर यशाबद्दलचा आधीचा अंदाज किती बदलायचा, हे सशर्त संभाव्यतेने ठरवण्याची ही रीत आहे. हिशेबाच्या मुळाशी थॉमस बेझ यांचे प्रमेय आहे. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये, रिचर्ड प्राइस यांनी प्रसिद्ध करवला. धंद्यातल्या निर्णयांसाठी या गणिताची नीट मांडणी झाली ती मात्र जवळपास दोनशे वर्षांनी. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले रॉबर्ट श्लेफर आणि हॉवर्ड रायफा यांचे 1961 मधले पुस्तक त्यातला महत्त्वाचा टप्पा मानले जाते.

हिशेबाला तीन आकडे लागतात. पहिला, पायलटपूर्वी वाटणारी यशाची संभाव्यता. दुसरा, उत्पादन खरोखर चालणारे असेल तर पायलट चांगला जाण्याची संभाव्यता. तिसरा, उत्पादन पडणारे असूनही पायलट चांगला जाण्याची संभाव्यता. पहिले दोन आकडे बैठकीत कुणी ना कुणी विचारतेच. तिसरा सहसा कुणी विचारत नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाचणीच्या इडलीचे तयार पीठ विकू पाहणारी एक कंपनी आहे. लाँच यशस्वी झाले तर 5 कोटींचा नफा, पडले तर 3 कोटींचा तोटा. अशा मालाच्या पूर्वानुभवावरून यशाची संभाव्यता 40 टक्के धरली आहे. पायलटशिवाय थेट लाँच केले तर अपेक्षित फायदा 2 कोटी वजा 1.8 कोटी, म्हणजे फक्त 20 लाख. नफ्या-तोट्याच्या या आकड्यांवर यशाची संभाव्यता 37.5 टक्क्यांच्या वर असेल तरच लाँच परवडते. कंपनी त्या रेषेच्या जेमतेम वर आहे.

आता पायलट. पहिल्यांदा पाकीट घेणाऱ्यांपैकी ठरावीक प्रमाणात गिऱ्हाइकांनी आठ आठवड्यांत ते पुन्हा घेतले तर निकाल चांगला, नाही तर वाईट, असे आधीच ठरवले आहे. चालणाऱ्या मालापैकी 80 टक्के या चाचणीत चांगले दिसतात, पण पडणाऱ्यांपैकीही 30 टक्के चांगले दिसतात. टक्क्यांऐवजी नग मोजले की गोष्ट डोळ्यांसमोर येते. अशी शंभर उत्पादने घ्या. 40 चालणारी, 60 पडणारी. चालणाऱ्यांतल्या 32 जणांचा पायलट चांगला जाईल, पडणाऱ्यांतल्या 18 जणांचाही जाईल. चांगला निकाल मिळालेली एकूण 50, त्यांत खरी चालणारी 32. म्हणून चांगल्या निकालानंतर यशाची संभाव्यता 64 टक्के. वाईट निकाल मिळालेल्या उरलेल्या 50 मध्ये चालणारी 8 आहेत, म्हणजे 16 टक्के.

‘आमची चाचणी ऐंशी टक्के बरोबर येते, म्हणजे यशही ऐंशी टक्के’ हे वाक्य या हिशेबाच्या नेमके उलट आहे. ऐंशी टक्के ही यश असताना चांगला निकाल येण्याची संभाव्यता. चांगला निकाल आल्यावर यश असण्याची संभाव्यता वेगळी, आणि ती सुरुवातीच्या 40 वरही अवलंबून असते. सुरुवात 10 टक्क्यांपासून केली असती तर तोच चांगला निकाल यशाला जेमतेम 23 टक्क्यांपर्यंत नेतो, आणि निर्णय नकाराचाच राहतो.

64 टक्क्यांवर लाँचचा अपेक्षित फायदा 2.12 कोटी होतो. 16 टक्क्यांवर तो 1.72 कोटींचा तोटा होतो, तेव्हा थांबायचे. दोन्ही निकालांची शक्यता इथे निम्मी-निम्मी असल्याने पायलटनंतर निर्णय घेण्याची अपेक्षित किंमत 1.06 कोटी. थेट लाँचच्या 20 लाखांपेक्षा ती 86 लाखांनी जास्त आहे. हे 86 लाख म्हणजे पायलटवर खर्च करण्याची कमाल मर्यादा. पायलट 25 लाखांत होत असेल तर तो करावा, एक कोटी लागत असतील तर करू नये. हा हिशेब पायलट सुरू होण्याआधी करायचा असतो, कारण नंतर पैसे खर्च झालेले असतात. ज्या पायलटचा कोणताही निकाल आला तरी निर्णय बदलणार नाही, त्याची या हिशेबात किंमत शून्य. असे पायलट समारंभासारखे पार पडतात.

हे 80 आणि 30 येतात कुठून? जुन्या लाँचच्या नोंदींतून, आणि तिथे एक खोल अडचण आहे. पायलट वाईट गेलेली उत्पादने कंपनीने बाजारात आणलीच नसतील, तर ती चालली असती की पडली असती हे कधीच कळत नाही. नोंदवहीत फक्त चांगल्या पायलटवाली उरतात आणि 80-30 चा खरा हिशेब निघत नाही. अशा वेळी 30 च्या जागी 20 आणि 45 घालून पाहावे. 20 धरल्यास यशाची संभाव्यता सुमारे 73 टक्के, 45 धरल्यास सुमारे 54. दोन्ही 37.5 च्या वर आहेत, म्हणजे चांगल्या निकालानंतरचा होकार या आकड्यावर फारसा हलत नाही. निर्णय कुठे हलतो हे माहीत असले, की नेमका आकडा शोधण्याची धडपड वाचते.

निकालच दूषित झाला तर मात्र गणित काही करू शकत नाही. दुकानदारांच्या गळ्यात माल मारून त्यालाच विक्री म्हणणे हा नेहमीचा प्रकार. कपाटात गेलेले पाकीट म्हणजे गिऱ्हाइकाने घेतलेले पाकीट नव्हे. पायलटमध्ये दुप्पट सवलत देणे, वरिष्ठांनी रोज दुकानात चक्कर मारणे, किंवा निकाल जरा कमी आला म्हणून ‘चांगला’ची रेषा खाली आणणे यांचाही परिणाम तोच होतो. पडणारा मालही चांगला दिसू लागतो. रेषा उतरवल्याने 80-30 चे 90-50 झाले, तर 64 टक्के घसरून साडेचोपन्नावर येतात, जरी अहवालात तोच ‘चांगला’ शब्द छापलेला असला तरी.

चाचणी भलतीच गोष्ट मोजत असेल तर नमुना कितीही मोठा असून उपयोग नसतो. कोका-कोलाने 1985 मध्ये नवी चव आणण्याआधी सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन पाहिले होते आणि कौल नव्या चवीकडे होता. 23 एप्रिलला ती जाहीर झाली आणि गिऱ्हाइकांच्या रोषामुळे 79 दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. घोटभर चाखून आवडणे हे ओळखीचे पेय काढून घेतल्यावर काय होईल याचे उत्तर नव्हते. पडणारे उत्पादनही अशा चाचणीत सहज चांगले दिसू शकते, म्हणून तिथे तिसरा आकडा मोठा धरायला हवा.

दुसऱ्या शहरात दुसरा पायलट घेतला आणि तोही चांगला गेला, तर 64 ची सुरुवात धरून तोच हिशेब पुन्हा करता येतो. उत्तर सुमारे 83 टक्के येते. पण यात दोन्ही पायलट एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत आहे. तीच सवलत, तोच विक्री-संघ आणि सणाचा तोच हंगाम असेल तर दुसरा निकाल बऱ्याच अंशी पहिल्याचीच नक्कल असतो, आणि 64 वर जेमतेम थोडीच भर पडते.