‘एफ’ आणि ‘ए’ नेमके कशाच्या तुलनेत? डिपार्टमेंटच्या व्हेरिअन्स रिपोर्टची पार्श्वभूमी

हॉटेलच्या अकाउंट्समध्ये काम केलेल्या कुणालाही बजेट आणि प्रत्यक्ष आकडे यांतला फरक दाखवणारा हा व्हेरिअन्स रिपोर्ट डोळे मिटून आठवेल. डावीकडे खर्चाचं हेड, मग बजेट, मग ॲक्चुअल, मग फरक, त्याच्यापुढे एफ नाहीतर ए, आणि शेवटी टक्केवारी. एफ म्हणजे फेव्हरेबल आणि ए म्हणजे ॲडव्हर्स, पुस्तकी मराठीत अनुकूल आणि प्रतिकूल. गोव्यात दर महिन्याच्या सात-आठ तारखेला हे कागद डिपार्टमेंट हेडच्या टेबलावर पडतात आणि त्या एका अक्षरावरून मीटिंगमध्ये कुणाला उभं करायचं ते ठरतं. पण ते अक्षर मुळात या रिपोर्टसाठी बनलेलंच नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

फार मागचं थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कारखान्यांत स्टँडर्ड कॉस्टिंग आलं. एक नग बनवायला किती माल आणि किती वेळ लागायला हवा हे आधी ठरवायचं, मग खरोखर जितके नग बनले तितक्यांचा लागायला हवा तो खर्च काढायचा आणि झालेला खर्च त्याच्याशी ताडून बघायचा. १९१८च्या सुमारास दराचा फरक वेगळा आणि वापराचा फरक वेगळा काढायची सूत्रं छापून आली. यातला ‘जितके नग बनले तितक्यांचा’ हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा, कारण अनुकूल-प्रतिकूल हा निवाडा त्याच्यावरच उभा होता. १९२०च्या दशकात धंद्याचं वार्षिक बजेट करायची पद्धत वेगळ्या वाटेने रुजली, आणि १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये हॉटेलांसाठी हिशोबाचा एक समान नमुना छापला गेला, ज्यात रूम्स, फूड, बेव्हरेज असं डिपार्टमेंटनिहाय उत्पन्न आणि खर्च दाखवायची सोय होती. पुढे या तिन्ही गोष्टी एका कागदावर आल्या, तेव्हा कारखान्यातलं अक्षर बजेटच्या कागदावर आलं पण ‘जितके नग बनले’ ही अट मागेच राहिली.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. १९६१पर्यंत गोव्यात पोर्तुगीज कारभार होता, त्यामुळे भारतात कॉस्ट अकाउंटन्सीचा कायदा १९५९ला झाला तेव्हा इथले हिशोब अजून एस्कुदो या पोर्तुगीज चलनात लिहिले जात होते. मोठी हॉटेलं १९७०च्या दशकात उभी राहायला लागली, १९८०च्या दशकात परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं सुरू झाली, आणि बाहेरून आलेल्या मॅनेजमेंटसोबत हा डिपार्टमेंटचा रिपोर्टही आला. मी ज्या काळाबद्दल खात्रीने बोलू शकतो तो १९९०नंतरचा, कारण तेव्हा मी उत्तर गोव्यातल्या एका बीच हॉटेलात अकाउंट्सला होतो.

आधी तो अक्षराचा कॉलम का लागतो ते बघू. खर्चात वजा फरक म्हणजे कमी खर्च, पण उत्पन्नात वजा फरक म्हणजे कमी कमाई, म्हणून नुसत्या चिन्हावरून बरंवाईट कळत नाही. आम्ही लोटस या जुन्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक खर्चाच्या ओळीला हे टाकायचो, बी म्हणजे बजेट आणि सी म्हणजे ॲक्चुअल:

```
@IF(C2<=B2,"F","A")
```

उत्पन्नाच्या ओळींना याच्या उलट. पण कुणीतरी वरची ओळ खाली कॉपी करताना चुकायचा आणि मग रूम्सचं उत्पन्न बजेटपेक्षा जास्त आलं तरी पुढे ए छापलं जायचं. हे पकडायची सोपी खूण अशी की डिपार्टमेंटचा नफा वाढलेला असतो आणि सगळ्या ओळी मात्र ए म्हणत असतात. पुढे एक्सेल आल्यावर लोकांनी ॲक्चुअलच्या लगेच बाजूला डी हा एक छुपा कॉलम ठेवला, उत्पन्नाला १ आणि खर्चाला -१, आणि टक्केवारीसकट सगळं एकाच सूत्रात बसवलं:

```
=IF(B2=0,"",(C2-B2)*D2/ABS(B2))
```

भागाकार बजेटने करायचा, ॲक्चुअलने नाही, याबद्दल कधी वाद झाला नाही. बजेट शून्य असेल तर टक्का रिकामा सोडायचा, कारण तिथे टक्केवारीला काही अर्थच नसतो.

खरा वाद झाला तो कॉलम बी मध्ये कुठलं बजेट घ्यायचं यावर. वर्षाच्या सुरुवातीला मंजूर झालेलं तेच ठेवायचं, की त्या महिन्यात खरोखर जितक्या रूम भरल्या तितक्यांना लागू पडेल असं बदलून घ्यायचं? पहिल्याला फिक्स्ड म्हणतात आणि दुसऱ्याला फ्लेक्स केलेलं. गोव्यात हा प्रश्न जितका टोचतो तितका वर्षभर सारखा धंदा असलेल्या शहरात टोचत नसेल, कारण इथे डिसेंबर आणि ऑगस्ट हे जणू दोन वेगळी हॉटेलं असल्यासारखे असतात.

हाउसकीपिंगचा एक डिसेंबर घेऊ, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. बजेट धरलेलं २,४०० रूम-नाइट्सचं, एक रूम एक रात्र भरली की एक रूम-नाइट. लॉन्ड्री एका रूमला रात्रीमागे १५० रुपये, म्हणजे ३,६०,०००. साबण, शाम्पू, पाणी वगैरे गेस्ट सप्लाइज १०० रुपये, म्हणजे २,४०,०००. पगार ५,००,०००. एकूण ११ लाख. प्रत्यक्षात रूम भरल्या २,७००, लॉन्ड्री झाली ३,९६,०००, सप्लाइज २,९१,६००, पगार ५,०५,०००, एकूण ११,९२,६००.

फिक्स्ड बजेटशी ताडलं की सगळ्या ओळी ए. लॉन्ड्री १० टक्के ए, सप्लाइज २१.५ टक्के ए, पगार १ टक्का ए, एकूण ९२,६०० म्हणजे ८.४ टक्के ए. ज्या महिन्यात हॉटेलने ३०० रूम-नाइट्स जास्त विकल्या त्याच महिन्यात हाउसकीपिंगची मॅडम मीटिंगमध्ये मान खाली घालून बसलेली.

आता २,७०० रूमना लागायला हवं ते बजेट काढा. लॉन्ड्री ४,०५,०००, सप्लाइज २,७०,०००, पगार तेवढाच, एकूण ११,७५,०००. आता लॉन्ड्री ९,००० रुपयांनी एफ झाली, २.२ टक्के. म्हणजे मॅडमने कपडे जपून धुवून घेतले होते आणि रिपोर्ट तिला दोष देत होता. सप्लाइज मात्र अजूनही २१,६०० ने ए आहे, ८ टक्के, आणि तिथे खरंच बघायला हवं. एकूण फरक १७,६००, दीड टक्का. उरलेले ७५,००० हे जास्तीच्या ३०० रूमचे, रूममागे २५०, आणि ते आणणारं डिपार्टमेंट सेल्सचं.

याच्या उलट ऑगस्ट बघा, तो मला जास्त धोक्याचा वाटतो. सप्लाइज आणि लॉन्ड्री मिळून १,५०० रूम-नाइट्सना ३,७५,००० बजेट, भरल्या फक्त १,२०० आणि खर्च ३,२४,०००. फिक्स्ड रिपोर्टमध्ये ५१,००० एफ, १३.६ टक्के, शाबासकी. पण १,२०० रूमना ३ लाखच लागायला हवे होते, म्हणजे खरं तर २४,००० ए, पुन्हा तेच ८ टक्के. रूममागे २५०च्या जागी २७० जातायत हे पावसात कुणालाच दिसत नाही आणि डिसेंबरच्या २,७०० रूमना तीच सवय ५४,००० रुपयांना पडते.

फिक्स्डच्या बाजूचे लोक काही चुकीचं बोलत नव्हते. हेड ऑफिसचं म्हणणं असं की मालकाला रोख रकमेची सोय मंजूर आकड्याप्रमाणे करून ठेवावी लागते, आणि एकदा बजेट हलायला लागलं की प्रत्येक डिपार्टमेंट हेड आपला प्रत्येक खर्च रूमसोबत वाढणारा आहे असं सांगायला लागेल. हे खरं होतं, आमच्याकडे एकाने झाडांच्या खताचासुद्धा रूम-नाइट्सशी संबंध लावायचा प्रयत्न केलेला. पण मला आजही वाटतं की रोखीच्या सोयीसाठी वेगळा कागद काढता येतो, माणसाच्या कामाचा निवाडा करणारं अक्षर मात्र त्याच्या हातात असलेल्या गोष्टीवरच लागलं पाहिजे. आमच्याकडे निर्णय फिक्स्डच्या बाजूने झाला आणि वर्षाचा इन्सेंटिव्ह त्या एफ-ए वर बांधला गेला. त्याचा परिणाम असा झाला की मार्च आला की टॉवेलची खरेदी एप्रिलवर ढकलायची, मार्च एफ, आणि एप्रिलमध्ये फाटके टॉवेल घेऊन गेस्ट रिसेप्शनवर.

सरकारी नोकरीतल्या वाचकांना इथे गंमत वाटेल कारण त्यांच्या हिशोबात न झालेल्या खर्चाला ‘बचत’ म्हणतात आणि ती मोठी असली की ऑडिट त्याच्यावर बोट ठेवतं, काम का झालं नाही म्हणून. आमच्या कागदावर तीच गोष्ट बिनदिक्कत एफ होती.

२०२०-२१ने फिक्स्डवाल्यांची अडचण उघडी केली. मार्चच्या शेवटी लॉकडाउन लागला तेव्हा वर्षाचं बजेट बहुतेकांचं तयार होतं, आणि बंद हॉटेलच्या एप्रिलच्या रिपोर्टमध्ये बदलत्या खर्चाच्या सगळ्या ओळींना शंभर टक्क्यांच्या आसपास एफ. माझ्या ओळखीच्या एका अकाउंट्सवाल्याने तेव्हा अक्षराचा कॉलमच काढून टाकला. नंतर बऱ्याच ठिकाणी मंजूर बजेट, फ्लेक्स बजेट आणि ॲक्चुअल असे तीन कॉलम आले आणि एफ-ए फ्लेक्सवरून लागायला लागलं.

पण फ्लेक्स केलं म्हणजे सुटलं असं नाही. चार्टरचा गेस्ट आठवडा नाहीतर दोन आठवडे राहायचा, आताचा देशी गेस्ट बहुतेक शुक्रवारी येतो आणि रविवारी जातो. चादरी-टॉवेल सगळे बदलायचे असतात ते चेक-आउटला. २,७०० रूम-नाइट्स सरासरी नऊ रात्रींच्या मुक्कामाने भरल्या तर चेक-आउट ३००, तीन रात्रींच्या मुक्कामाने भरल्या तर ९००. रूम तेवढ्याच, फ्लेक्स बजेट तेवढंच, आणि धुवायचं कापड कितीतरी जास्त. मग लॉन्ड्री महिनोन्महिने ए दाखवते आणि मॅडम पुन्हा मान खाली घालते. हे ओळखायचं असेल तर लॉन्ड्रीचं बिल रुपयांत न बघता किलोमध्ये किंवा नगांमध्ये बघायचं आणि नगांना चेक-आउटने भागायचं. तो आकडा स्थिर असेल तर हाउसकीपिंगची चूक नाही, बजेटचा पाया चुकलाय. अलीकडे एकदोन ठिकाणी मी पाहिलं की लॉन्ड्री चेक-आउटवर आणि सप्लाइज रूम-नाइट्सवर फ्लेक्स करतात, आणि रिपोर्टच्या डोक्यावर हे दोन्ही आकडे छापतात, म्हणजे खालचं प्रत्येक अक्षर कशाच्या तुलनेत लागलंय ते वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.