नेटवर्थ सर्टिफिकेट: टॉवेल कारखान्यांचे अर्ज कुठे अडतात?

सोलापूरच्या चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी शेअर बाजारात नसते, त्यामुळे तिला बाजारभाव नसतो. म्हणून टेंडर काढणारे कंपनीचा आकार बॅलन्सशीटवरूनच मोजतात. कोणी एकूण मालमत्ता विचारतो, कोणी नेटवर्थ. हे दोन आकडे एकच समजले की अर्ज परत येतो.

एक नमुना घ्या. टॉवेल विणणाऱ्या कंपनीची एकूण मालमत्ता 6 कोटी आहे. त्यात बँकेचं कर्ज 2.60 कोटी, संचालकांनी घातलेली उसनी रक्कम 1.20 कोटी आणि सूतवाल्यांचं देणं 60 लाख. उरले 1.60 कोटी: भागभांडवल 40 लाख, साठलेला नफा 50 लाख, आणि प्लॉट व शेडचं नव्याने मूल्यांकन केल्यामुळे दिसणारी राखीव रक्कम 70 लाख. टेंडरची अट 1 कोटी नेटवर्थची. मालक 1.60 कोटी लिहितात आणि अपात्र ठरतात, कारण कंपनी कायदा 2013 च्या कलम 2(57) नुसार पुनर्मूल्यांकनाची राखीव रक्कम नेटवर्थमध्ये धरत नाहीत. खरा आकडा 90 लाखच.

प्लॉटची किंमत आज कितीही वाढलेली असो, ती इथे कामाला येत नाही. कॅश क्रेडिट काढून सुताचा साठा वाढवला, तर एकूण मालमत्ता फुगते, नेटवर्थ जागच्या जागी राहतं.

सर्वात जास्त लोक अडकतात ते संचालकांच्या उसन्या रकमेपाशी. “पैसा आमचाच आहे” हे खरं, पण कंपनीच्या वहीत ते देणंच. त्यातले 10 लाख शेअरमध्ये बदलले असते, तर याच कंपनीचं नेटवर्थ बरोबर 1 कोटी झालं असतं. मात्र त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि वाटपानंतर पीएएस-3 फॉर्म लागतो. शेअरचं वाटप 31 मार्चच्या आत उरकायला हवं. टेंडरने मागच्या 31 मार्चचा ऑडिट झालेला ताळेबंद मागितला असेल, तर एप्रिलमध्ये केलेल्या वाटपाचा त्या अर्जाला उपयोग नाही. दरवर्षी कोणीतरी इथेच चुकतो, आणि तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं.

कागदपत्रं नेहमीचीच: ऑडिट केलेला ताळेबंद परिशिष्टांसह, ऑडिटरचा अहवाल, एओसी-4 ची पावती आणि सीएचं सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर 18 अंकी यूडीआयएन हवा. तो udin.icai.org वर तपासून पाहा, आत लिहिलेला आकडाही ताळेबंदाशी जुळवा.

काही टेंडरांत “नेटवर्थ” एवढाच शब्द टाकून मोकळे होतात, व्याख्या देत नाहीत. हा निष्काळजीपणा आहे आणि त्याचा भुर्दंड अर्जदाराला बसतो. म्हणून प्री-बिड मीटिंगच्या आधी लेखी विचारा: कलम 2(57) धरायचं का, आणि कोणत्या तारखेचा आकडा? उत्तरही लेखीच घ्या आणि सर्टिफिकेट करून देणाऱ्या सीएला ते आधी दाखवा.